सोबत : नकाशा एक

सहकारी गृहरचना संस्थेच्या दप्तरात तक्रार नोंदवही नावाचे जे एक जाडजूड पुस्तक असते, त्याचे आरंभापासून अखेरपर्यंत वाचन करण्याचा योग ज्याला आला आहे, त्याला मराठी गद्याच्या संक्षेपशक्तीविषयी पुन्हा कधी शंका येणार नाही. "वास येतो. कृपया बघावे," ही आमच्या तळमजल्यावरील एका सभासदाची संपूर्ण तक्रार, आणि तिच्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, तारीख व सही यांनिशी चिटणिसांनी नोंदवलेला "पाहिले" हा तिचा संपूर्ण निकाल. वास पाहण्याची ही सिद्धी आमच्या समितीस कोणत्या साधनेने प्राप्त झाली हे सांगणे कठीण आहे. परंतु पाहून झाल्यावरही तो येतच राहिला, एवढे त्याच पुस्तकाच्या पुढील पानांवरून निर्विवाद सिद्ध होते.

सांडपाण्याविषयीच्या तक्रारीचा स्वभावच असा की, तिच्यात गुन्हेगाराचा उल्लेख ठळक असतो आणि गुन्ह्याच्या जागेचा मुळीच नसतो. आमच्या नोंदवहीत तांदळाचे धुवण, चहाचा चोथा, लांब केस, तान्ह्या मुलांचे लंगोट आणि एके ठिकाणी तर "तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरूंचे अन्न" अशा नाना पदार्थांवर आरोप ठेवलेले आढळले. परंतु लाइन नेमकी कोठे तुंबली आहे, हे लिहिण्याची तसदी एकाही फिर्यादीने घेतली नव्हती. अशा स्थितीत समितीने प्लंबरला बोलवावे, प्लंबरने दृष्टीस पडेल त्या पहिल्या चेंबरात बांबूची कामटी खुपसावी, पाणी किंचित हलले की आपली मजुरी घेऊन चालते व्हावे, आणि पाण्याने पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या जागी येऊन बसावे, हा क्रम निर्वेध चालू होता. बांधकाम खात्यात आरेखक म्हणून ज्याची हयात गेली, अशा माझ्यासारख्या मनुष्यास नकाशावाचून चाललेला हा व्यवहार दस्तऐवजावाचून झालेल्या जमिनीच्या विक्रीइतकाच संशयास्पद वाटत असल्यामुळे, मी समितीकडे रीतसर अर्ज करावयाचे ठरवले, आणि त्या अर्जास जोडण्यासाठी म्हणून ड्रेनेजचा नकाशा काढावयास घेतला.

आमची संस्था पुण्यात, कर्वे रस्त्याच्या पलीकडे, १९७४ साली बांधलेली आहे. 'अ' आणि 'ब' अशा दोन इमारती, प्रत्येकी तळमजला अधिक तीन मजले; दोहोंच्या पूर्वेकडून कुंपणाच्या भिंतीलगत सहा इंची नळांची लाइन दक्षिणोत्तर जाते आणि फाटकाशी रस्त्यातील पालिकेच्या गटारास मिळते. तिच्यावर जागोजाग चेंबरे आहेत. त्यांना वरच्या बाजूने, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडून, एकपासून क्रमांक देत यावे हा शिरस्ता. पाण्याला आकडे वाचता येत नसले तरी ते उताराप्रमाणे एकाकडून सहाकडे जाते, आणि नकाशा वाचणाऱ्यानेही तसेच जावे अशी अपेक्षा असते. 'अ' इमारतीचे सारे पाणी पहिल्या तीन चेंबरांत उतरते. 'ब' इमारतीची लाइन त्यानंतर कोठेतरी येऊन मिळते. हे 'कोठेतरी' अत्यंत महत्त्वाचे ठरले. परंतु त्याकडे यथाक्रम येऊ.

लाइन तुंबली असता प्रथम कोणाला कळते, याविषयी सुशिक्षित लोकांतही विलक्षण गैरसमज आढळतो. ज्याने कचरा टाकला त्याच्या मोरीत पाणी तुंबेल अशी नीतिशास्त्राची अपेक्षा असते. जलशास्त्र मात्र पाप-पुण्याचा हिशेब न ठेवता केवळ पातळीचा ठेवते. अडथळ्याच्या वरच्या बाजूस जे तोंड सर्वांत खाली असेल, तेथून पाणी बाहेर पडते. तिसऱ्या मजल्यावर बादल्याच्या बादल्या ओतून स्नान करणाऱ्या गृहस्थास अडथळ्याची वार्ताही नसते. ते स्नान जिना न उतरता तळमजल्यावर येऊन पोहोचते. याच अडचणीसाठी शहाण्या बांधणाऱ्यांनी न्हाणीघराच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्यास घराबाहेर, अंगणात, 'गल्ली ट्रॅप' म्हणून एक जाळीदार हौदी ठेवलेली असते. तिची जाळी घराच्या जोत्यापेक्षा हात-दीड हात खाली असल्याने तुंबलेले पाणी घरात न शिरता प्रथम अंगणात यावे अशी तीत योजना असते. 'अ' इमारतीतील तळमजल्याच्या एका सभासदाने मात्र दुर्गंधीचा बंदोबस्त म्हणून आपल्या खिडकीखालच्या या जाळीवर फरशी बसवून ती सिमेंटने पक्की बुजवली होती. परिणामी अंगण कोरडे राहिले, आणि त्यांच्या शौचकूपातून, विशेषतः सकाळच्या प्रहरी, गुडगुड असा गंभीर ध्वनी निघू लागला. हा ध्वनी तुंबण्याचे पहिले लक्षण असतो, कारण खाली पाण्याने कोंडलेली हवा ट्रॅपमधील पाणी भेदून वर येत असते. परंतु सदर सभासदांनी तो भूमिगत रेल्वेच्या कामाचा परिणाम मानून तशी तक्रार नोंदवहीत केली होती. शेरा : "पाहिले."

अडथळा कोठे आहे हे शोधण्याची रीत इतकी सोपी आहे की, ती कोणी वापरत नाही याचे नवल वाटावे. फाटकाकडून, म्हणजे खालच्या टोकाकडून, एकेक चेंबर उघडीत वर यावयाचे. जे चेंबर तुडुंब भरलेले आढळेल आणि ज्याच्या खालचे मोकळे असेल, त्या दोहोंच्या मध्ये अडथळा आहे. याहून अधिक विद्वत्ता लागत नाही. पहारेकऱ्याला हाताशी धरून मी सहा क्रमांकाचे चेंबर उघडले : तळाशी पाणी खळाळत होते. पाच क्रमांकाचेही तसेच. तीन क्रमांकाचे झाकण उचलताच मात्र काठोकाठ भरलेले, हालचालीचा कोणताही विचार नसलेले असे काळे पाणी दृष्टीस पडले, आणि पहारेकऱ्याने नाकास रुमाल लावून विचारले, "साहेब, चार नंबर कुठाय?"

चार नंबर कोठेच नव्हते. तीन आणि पाच यांच्यामध्ये, चिटणिसांच्या मोटारीपासून उंबराच्या झाडापर्यंत, केवळ लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची अखंड फरसबंदी होती. चार क्रमांकाचे चेंबर मुळात बांधलेच गेले नसावे, असे एका माजी अध्यक्षांनी मला शपथेवर सांगितले. परंतु पाचमध्ये वाहत येणारे पाणी 'ब' इमारतीचे होते, आणि ते मुख्य लाइनीतूनच येत होते. म्हणजे 'ब'ची शाखा तीन आणि पाच यांच्या दरम्यान मुख्य लाइनीस मिळाली होती. आणि जेथे दोन लाइनी मिळतात, जेथे दिशा बदलते किंवा उतार बदलतो, तेथे चेंबर असलेच पाहिजे, हा या विद्येचा पहिला नियम आहे. मी दप्तरातील कपाटाच्या तळाशी असलेला, अमोनियाच्या वासाचा, घडीवर फाटलेला मूळ मंजूर नकाशा काढून पाहिला, तेव्हा तीनपासून २४ फुटांवर आणि पाचपासून ३० फुटांवर एक चौकोन आणि त्यात '४' हा आकडा स्पष्ट दिसला. टेपने अंगणात मोजले तर ती जागा थेट चिटणिसांच्या मोटारीच्या मागील दोन चाकांच्या मध्ये आली. फरसबंदीच्या वेळी कंत्राटदाराने झाकण वर उचलून बसवण्याऐवजी त्याच्यावरूनच ब्लॉक अंथरले, आणि संस्थेच्या स्मृतीतूनही ते चेंबर त्याच दिवशी पुरले गेले.

यापुढील काम गणिताचे होते. पारदर्शक नळीत पाणी भरून तिच्या दोन टोकांनी पातळी जुळवली आणि चेंबरांच्या तळाची खोली एकाच पातळीपासून मोजली : तीनचा तळ अडीच फूट खाली, पाचचा तळ तीन फूट पाच इंच खाली. मधले अंतर ५४ फूट, आणि पडती ११ इंच. म्हणजे सुमारे साठ फुटांस एक फूट उतार, जो सहा इंची नळाला योग्य समजतात. (चार इंची नळाला चाळीसास एक. नळाच्या व्यासाच्या इंचांस दहाने गुणावे, एवढे लक्षात ठेवले की झाले.) सारांश, पन्नास वर्षांपूर्वी ज्या मिस्त्रीने ही लाइन टाकली त्याने आपले काम चोख केले होते, आणि "मुळातच बांधकाम निकृष्ट" हा आमच्या प्रत्येक वार्षिक सभेत मंजूर होणारा सिद्धांत निदान या ५४ फुटांपुरता खोटा ठरला.

नंतर पाचकडून वर कामट्या जोडत सारल्या, त्या ४१ फुटांवर जाऊन अडल्या. तीनकडून खाली सारल्या, त्या १२ फुटांवर अडल्या. एक्केचाळीस आणि बारा मिळून त्रेपन्न. एकूण अंतर चोपन्न. अडथळा एक फूट जाडीचा आहे आणि तो तीनपासून बारा ते तेरा फुटांवर, चारच्या अलीकडे आहे, हे जमिनीत एकही कुदळ न मारता सिद्ध झाले. कामटी ओढून काढली तेव्हा तिच्या टोकाला तांबूस, केसांसारख्या बारीक मुळांची जुडी आली. मी मान वर केली. भिंतीलगत, बरोबर त्या जागी, आमचा उंबर उभा होता. त्याच्या बुंध्याशी दत्ताची तसबीर, आणि तसबिरीपुढे दर गुरुवारी मोठ्या भक्तिभावाने ओतल्या जाणाऱ्या पाण्याची ओल.

उंबराला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्या काळी वापरात असलेले चिनी मातीचे नळ दोन-दोन फूट लांबीचे असत. चोवीस फुटांत असे बारा नळ, आणि दर दोन नळांच्या मध्ये सुतळीचा वेढा देऊन सिमेंटने भरलेला एक सांधा. नळ स्वतः शंभर वर्षे टिकेल. सांध्यातील सिमेंटला मात्र जमिनीच्या हालचालीने बारीक चीर पडते, तीतून ओल बाहेर झिरपते, आणि झाडाचे मूळ ओलीच्या दिशेने जाते. केसाएवढे मूळ आत शिरते, आत बारमाही पाणी आणि खत एकत्र मिळाल्यावर त्याची जाळी होते, आणि मग तांदळाचे धुवण, चहाचा चोथा, लांब केस, म्हणजे आमच्या नोंदवहीतील यच्चयावत आरोपी, त्या जाळीत येऊन अडकतात. ते गुन्ह्यात सामील होते, हे खरे; पण कट उंबराचा होता, आणि त्यास निमंत्रण सांध्याचे होते.

एवढी सामग्री जमल्यावर अर्ज लिहिला. त्याचा मजकूर असा :

"मा. चिटणीस यांसी,

स. न. वि. वि.

विषय : पूर्वेकडील सांडपाण्याच्या लाइनीपैकी चेंबर क्र. ३ ते क्र. ४ हा भाग बदलण्याबाबत.

अर्ज करण्यात येतो की, सोबतच्या नकाशात दाखविल्याप्रमाणे सदर लाइन चेंबर क्र. ३ पासून सुमारे १२ फुटांवर झाडाच्या मुळांनी बंद झालेली आहे. तूर्त यंत्राने पाण्याचा जोरदार झोत मारून मुळे तोडावीत व लाइन चालू करून घ्यावी. तथापि तुटलेली मुळे पुन्हा फुटत असल्याने हा उपाय फार तर पुढील पावसाळ्यापर्यंतचा समजावा. त्यानंतर चेंबर क्र. ४ वरील ब्लॉक काढून ते उघडे करावे. क्र. ३ ते क्र. ४ हे २४ फूट अंतर दोन फूट रुंद व सरासरी तीन फूट खोल खोदावे. खोदाई सुमारे दीड ब्रास होईल. केवळ फुटका नळ बदलू नये, कारण शेजारील सांधे त्याच वयाचे आहेत. जुने बारा नळ काढून त्या जागी १६० मिलिमीटर व्यासाचे, जमिनीखाली वापरावयाचे, रबरी रिंगच्या सांध्याचे पीव्हीसी पाइप टाकावेत. हे पाइप २० फूट लांबीचे मिळत असल्याने संपूर्ण अंतरात एकच सांधा येईल, व तो झाडापासून दूर ठेवता येईल. पाइपाखाली वाळूची गादी व पाच इंचांची पडती असावी. चर बुजविण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून लाइन पाण्याने भरावी व पातळी उतरत नाही याची खात्री समितीने समक्ष करून घ्यावी. पाइपालगत दगडगोटे न घालता मऊ माती थराथराने दाबावी.

कोणाही मनुष्यास कोणत्याही चेंबरात उतरवू नये. चेंबर उथळ असले तरी कोंडलेल्या गटारातील वायूने नाकाची वास घेण्याची शक्तीच प्रथम नष्ट होते व धोका कळत नाही. साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही ही विनंती कायम राहिली असती.

दर मागविण्यासाठी परिमाणे वर दिली आहेत. रकमेचा रकाना कोरा ठेवला आहे.

सोबत : नकाशा एक."

रकमेचा रकाना कोरा ठेवण्यामागे माझा एक अनुभवसिद्ध हेतू होता. समितीपुढे रक्कम ठेवली की चर्चा रकमेवर होते, आणि काम काय हे ठरवण्याचे काम दर देणाऱ्यावर येऊन पडते. मग एक कंत्राटदार चार फूट बदलण्याचे दर देतो, दुसरा संपूर्ण अंगणाचे, आणि खजिनदार त्या दोहोंची तुलना करून पहिला स्वस्त असल्याचा निर्वाळा देतात. परिमाणे आपण ठरवावीत आणि दर त्यांनी भरावेत, म्हणजे तिन्ही पाकिटांत निदान एकाच कामाची किंमत निघते.

नकाशा मी खात्यातील रिवाजाप्रमाणे काढला होता : इमारती काळ्या रेषेत, सांडपाण्याची लाइन तांबड्या तुटक रेषेत, पिण्याच्या पाण्याची काळ्या तुटक रेषेत, उंबर, मोटार, कुंपण, चेंबरे यथास्थान, कोपऱ्यात प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण. पिण्याच्या पाण्याची लाइन दाखवण्याचे कारण असे की, फाटकातून येऊन जमिनीखालच्या टाकीकडे जाणारा लोखंडी नळ आमच्या नियोजित चराला, अडथळ्यापासून सहा-सात फुटांवर, छेदून जात होता, आणि कुदळ मारणाऱ्याने तो जाणून घेणे आवश्यक होते.

समितीची सभा रविवारी भरली. चिटणिसांनी खर्चात काटकसर म्हणून नकाशाच्या साध्या काळ्या झेरॉक्स प्रती काढून सर्वांस वाटल्या होत्या. या काटकसरीचे परिणाम लगेच कोणाच्या ध्यानी आले नाहीत, कारण नकाशा हाती पडताच प्रत्येक सभासद प्रथम आपला फ्लॅट शोधण्यात गढून गेला. मनुष्य समूहाच्या छायाचित्रात जसा प्रथम स्वतःचा चेहरा पाहतो, तसाच तो गटाराच्या नकाशातही स्वतःची मोरी पाहतो. एका भगिनींनी आपल्या न्हाणीघराची जागा कागदावर जाहीर केल्याबद्दल हरकत घेतली. चिटणिसांनी आपली मोटार प्रमाणापेक्षा मोठी काढल्याचा मुद्दा मांडला. आणि उत्तरेच्या बाणाने, जो केवळ शिस्त म्हणून काढला होता, सभेचा जवळजवळ अर्धा तास खाल्ला. कारण त्याच्या आधारे 'अ' इमारतीतील एका वास्तुशास्त्रप्रेमी सभासदांनी असे सिद्ध केले की फाटकाजवळील शेवटची दोन्ही चेंबरे नेमकी ईशान्येस येतात, तेथे देवघर असावे लागते, आणि संस्थेची एकंदर आर्थिक स्थिती पाहता या गोष्टीचा उलगडा आज प्रथमच होत आहे. लाइन नैर्ऋत्येकडे वळवता येईल का, असे त्यांनी मला विचारले. पालिकेचे गटार ईशान्येस आणि जमिनीचा उतारही तिकडेच असल्यामुळे, पाण्यास नैर्ऋत्येकडे चढवण्यासाठी पंप बसवावा लागेल, असे मी सांगितल्यावर त्यांनी आपले म्हणणे फक्त इतिवृत्तात नोंदवून घेतले.

खरा विरोध 'ब' इमारतीकडून आला, आणि तो तर्कशुद्ध होता. त्यांचे पाणी चार क्रमांकात, म्हणजे अडथळ्याच्या खालच्या अंगास मिळत असल्याने त्यांच्याकडे एक दिवसही काही तुंबलेले नव्हते. "नकाशानेच सिद्ध होते की हा प्रश्न 'अ' इमारतीचा खाजगी आहे," असे त्यांच्या ज्येष्ठ प्रतिनिधींनी माझ्याच नकाशावर बोट ठेवून सांगितले. नकाशा काढणाऱ्यास आपल्या कलाकृतीचा असा उपयोग झालेला पाहणे किती क्लेशदायक असते, हे अन्य कोणास कळणार नाही. मी उपविधींचे पुस्तक पुढे केले. संस्थेने स्वखर्चाने करावयाच्या दुरुस्त्यांच्या यादीत पाण्याच्या टाक्या, जिने, गच्ची यांच्या पंक्तीस ड्रेनेज लाइनी स्पष्ट बसवलेल्या आहेत, आणि दुरुस्ती निधी याचसाठी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर वर्षाला निदान पाऊण टक्का याप्रमाणे सर्वांकडून घेतला जातो. यावर 'ब' इमारतीने उपविधींचा अर्थ लावण्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा असे सुचवले. खजिनदारांनी वकिलाच्या शुल्काची तरतूद नसल्याचे सांगितले. अध्यक्षांनी विषय पुढील सभेपर्यंत तहकूब करण्याच्या दृष्टीने घड्याळाकडे पाहिले.

इतक्यात 'ब' इमारतीच्याच दुसऱ्या मजल्यावरील एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या आतापर्यंत चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी नेऊन पाहत होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, ही तुटक रेष 'अ' इमारतीच्या शौचालयातून निघून आपल्या पिण्याच्या टाकीत का जाते?"

झेरॉक्स यंत्राने तांबडे आणि काळे यांतील भेद नाहीसा करून टाकला होता. दोन तुटक रेषा भिंतीलगत येऊन एकमेकींस छेदीत होत्या, आणि त्या छेदबिंदूपाशी कोणती रेष कोठून आली व कोठे गेली हे सांगणे ब्रह्मदेवासही शक्य नव्हते. क्षणार्धात प्रत्येकाने आपापल्या प्रतीवर बोटाने तो मार्ग आक्रमून पाहिला, आणि प्रत्येकाचे बोट टाकीत जाऊन पोहोचले. एका गृहस्थांनी समोरचा पाण्याचा पेला हलकेच दूर सारला.

मी उभा राहून रंगांचा खुलासा केला. दोन लाइनी स्वतंत्र आहेत, एकीचे पाणी दुसरीत जात नाही, असे सांगितले; आणि तेथेच थांबलो असतो तर विषय बहुधा तहकूब झाला असता. परंतु आरेखकाचा धर्म म्हणून पुढची वस्तुस्थितीही सांगणे प्राप्त होते. ज्या ठिकाणी त्या रेषा छेदतात, तेथे गळक्या सांध्यांमुळे माती सांडपाण्याने भिजलेली आहे, आणि त्याच मातीतून पन्नास वर्षांचा लोखंडी नळ जातो. पालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक वेळ येते. त्या वेळी नळात दाब असल्याने, नळाला भोक असलेच तर पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाल्यावर मात्र नळ रिकामा होतो, आणि रिकामा होताना त्याच भोकातून बाहेरची ओल आत ओढून घेऊ शकतो. ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्याबरोबर टाकीत जाते. नळाला भोक आहे असे मी म्हणत नव्हतो. खोदल्यावाचून ते कळणार नव्हते, इतकेच म्हणत होतो. टाकी दोन्ही इमारतींची एकच आहे, हे मी बोललो नाही. ते नकाशात होते.

'ब' इमारतीच्या ज्येष्ठ प्रतिनिधींनीच ठराव मांडला. लोखंडी नळाचा छेदबिंदूच्या दोन्ही बाजूंचा भागही त्याच चरात बदलून घ्यावा, तो सांडपाण्याच्या लाइनीच्या वरून न्यावा, आणि तोपर्यंत सर्वांनी पाणी उकळून प्यावे, अशी दुरुस्तीही त्यांनीच सुचवली. ती निर्दोष होती. अनुमोदन मुख्याध्यापिकाबाईंनी दिले, आणि वास्तुशास्त्रप्रेमी सभासदांसह सर्वांचे हात वर गेले. मुळे, सांधे, उतार आणि उपविधी यांना जे साधले नाही, ते एका काटकसरी झेरॉक्सने साधून दिले.

काम ठरल्याप्रमाणे झाले. चिटणिसांची मोटार बाजूस घेऊन ब्लॉक उचलताच चार क्रमांकाचे झाकण, मूळ नकाशातील जागेपासून वीतभर अंतरावर, सुस्थितीत सापडले. उंबराखालच्या नळातून निघालेली मुळांची गुंडाळी एखाद्या गृहस्थाच्या दंडाएवढी जाड होती; ती पाहण्यास मुले जमली, आणि तिच्यात एक स्टीलचा चमचा अडकलेला निघाल्यामुळे नोंदवहीतील जुन्या वादांस काही दिवस नवा जोम आला. लोखंडी नळ वरून गंजलेला असला तरी भोक आढळले नाही. बदलायचा ठरलाच होता, म्हणून बदलला. चर बुजवण्यापूर्वी लाइन पाण्याने भरून ठेवली, तेव्हा समितीचे सर्व सदस्य चेंबरभोवती खुर्च्या टाकून पातळीकडे टक लावून बसले होते. ती हलली नाही. नंतर एका चेंबरात आरसा तिरपा धरून दुसऱ्यातून विजेरीचा प्रकाश टाकला असता नळाचे वर्तुळ पूर्ण दिसले. वरची कड कापलेली दिसली असती तर नळ मध्येच बसला आहे असे समजले असते. अध्यक्षांनी तो आरसा पुष्कळ वेळ सोडला नाही.

उंबर जागच्या जागी आहे. दत्ताच्या तसबिरीपुढे पाणी ओतण्याची जागा मात्र भिंतीच्या पलीकडच्या अंगास हलवावी, अशी मी केलेली सूचना धार्मिक भावनांच्या कारणास्तव विचाराधीन आहे. चार क्रमांकावर आता मोटारीचे ओझे सोसेल असे जड झाकण ब्लॉकच्या पातळीत बसवले असून, चिटणिसांची मोटार पूर्ववत त्यावर उभी राहते. झाकण उचलण्याच्या आकड्यासोबत त्या मोटारीची दुसरी किल्लीही पहारेकऱ्यापाशी ठेवावी, हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकास घेण्यात आला आहे, आणि त्यास चिटणिसांचा विरोध आहे.